पहाटेच्या वेळी एकमेकांवर चढणारे क्रॉनजॉब

क्रॉन हा प्रोग्रॅम दर मिनिटाला जागा होतो, वेळापत्रकाच्या ओळी पाहतो, ज्या ओळीची वेळ त्या मिनिटाशी जुळते तिच्यातला आदेश सुरू करून देतो आणि पुन्हा झोपी जातो. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली त्याची सुधारित आवृत्ती आणि तिच्यापासून निघालेल्या शाखा आजही बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालतात. इतक्या वर्षांत त्याच्या मूळ स्वभावात फरक पडलेला नाही. आदेश सुरू करणे ही तो आपली जबाबदारी मानतो. तोच आदेश मागच्या वेळी सुरू केला होता तो संपला की अजून चालूच आहे, ही चौकशी तो करत नाही. सर्व्हरवर मेमरी किती शिल्लक आहे, डिस्क किती अडकलेली आहे, हेही तो पाहत नाही.

एरवी याचा त्रास होत नाही. दर पाच मिनिटांनी सुरू होणारे काम चाळीस सेकंदांत संपत असेल तर दोन फेऱ्यांमध्ये चार मिनिटांहून अधिक मोकळा वेळ उरतो. पण त्याच कामाला काही कारणाने सहा मिनिटे लागू लागली, तर पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होते आणि एकाच कामाच्या दोन प्रती शेजारी शेजारी चालू लागतात. एका वेळी सरासरी किती प्रती चालू असतील याचे गणित सोपे आहे: एका फेरीला लागणारा वेळ भागिले दोन फेऱ्यांमधले अंतर. वीस मिनिटे चालणारे काम दर पाच मिनिटांनी सुरू होत असेल तर चार प्रती, तासभर चालणारे असेल तर बारा.

मात्र हा भागाकार एका गृहीतकावर उभा आहे, ते म्हणजे प्रती वाढल्या तरी प्रत्येकीला लागणारा वेळ तोच राहतो. प्रत्यक्षात सगळ्या प्रती एकाच डिस्कवर, एकाच डेटाबेसवर आणि एकाच मेमरीवर जगतात. दुसरी प्रत आली की पहिली मंदावते. पहिली मंदावली की तिसरी येईपर्यंत ती संपत नाही. वेळ वाढल्याने प्रती वाढतात आणि प्रती वाढल्याने वेळ वाढतो. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबण्याची शक्यता फार थोडी असते, कारण क्रॉन आपल्या ठरल्या मिनिटाला पुढची प्रत सोडतच राहतो. पहाटे मेमरी संपून सर्व्हर कोलमडण्याच्या घटनांत रात्रीच्या मोठ्या बॅकअपला दोष देण्याची पद्धत आहे. बॅकअपमुळे सुरुवात होते हे खरे, पण मेमरी भरते ती बहुधा दिवसभर निमूट चालणाऱ्या, कोणाच्याही लक्षात नसलेल्या छोट्या कामाच्या प्रतींनी.

पहाटेच का

रात्रीची आणि पहाटेची वेळ जड कामांसाठी निवडली जाते, कारण तेव्हा लोक झोपलेले असतात. पण सगळेच हा विचार करत असल्यामुळे सगळ्यांची कामे एकाच तासात येऊन पडतात. त्यात सर्व्हरची स्वतःची कामेही असतात. डेबियनमध्ये रोजच्या देखभालीच्या कामांची ठरलेली वेळ ६ वाजून २५ मिनिटे आहे. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ती ४ वाजून २ मिनिटे होती, आणि नव्या आवृत्त्यांत सतत चालू असलेल्या सर्व्हरवर ही कामे साधारणपणे ३ ते ४ या तासात सुरू होतात. बॅकअपसाठी माणसे २ किंवा ३ वाजताची वेळ लिहितात आणि मिनिटाच्या जागी सवयीने शून्य घालतात. त्यामुळे ठोक्याला चार-पाच कामे एकदम सुटतात.

भारतातल्या सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. क्लाउडवर घेतलेल्या सर्व्हरचे घड्याळ सहसा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे `0 0 * * *` किंवा `@daily` असे लिहिलेले ‘मध्यरात्रीचे’ काम भारतात पहाटे साडेपाचला सुरू होते आणि रात्री दोनचे म्हणून लिहिलेले सकाळी साडेसातला. बॅकअप मध्यरात्रीच आटोपतो अशी मालकाची समजूत असते, आणि तो प्रत्यक्षात पहिली गिऱ्हाइके साइटवर येण्याच्या सुमारास रंगात आलेला असतो. घड्याळ कोणत्या वेळेवर आहे हे `timedatectl` या आदेशाने लगेच कळते. चौकशीची सुरुवात तिथूनच करावी, कारण लॉगमधल्या वेळा पुढे साडेपाच तासांच्या फरकाने वाचाव्या लागतात.

एका पहाटेचे गणित

एक लहानसे ऑनलाइन दुकान चालवणारा सर्व्हर कल्पावा. मेमरी ४,००० एमबी, स्वॅप १,००० एमबी, डिस्क १०० जीबी. डेटाबेस म्हणजे मायएसक्यूएल १,५०० एमबी घेतो. वेब सर्व्हर आणि पीएचपी मिळून ५०० एमबी, बाकीची यंत्रणा ३०० एमबी. म्हणजे २,३०० एमबी कायमची गुंतलेली आणि १,७०० एमबी उरलेली. ही उरलेली मेमरी रिकामी पडून राहत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली कर्नल तिच्यात साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच देतो. सर्व्हर दिवसभर चपळ वाटतो त्यात या साठ्याचा मोठा वाटा असतो.

दर पाच मिनिटांनी `stock_sync.php` ही पीएचपी स्क्रिप्ट आलेल्या ऑर्डरी आणि गोदामातला माल यांचा मेळ घालते. तिला १५० एमबी लागतात आणि ती चाळीस सेकंदांत संपते. यूटीसी शून्य वाजता, म्हणजे पहाटे साडेपाचला, डेटाबेसचा बॅकअप, फोटोंच्या फोल्डरचा बॅकअप आणि वर्षभराच्या विक्रीचा अहवाल ही तीन कामे एकदम सुरू होतात. दोन्ही बॅकअप मिळून १०० एमबी पुरतात, पण अहवालाची स्क्रिप्ट सगळ्या नोंदी एका यादीत भरून घेते आणि ६०० एमबी खाते. आता गुंतलेली मेमरी ३,००० झाली. १,००० एमबी अजून शिल्लक आहेत, त्यामुळे कागदावर सगळे ठीक दिसते.

खरा ताण डिस्कवर आहे. ॲमेझॉनच्या gp2 प्रकारच्या १०० जीबी डिस्कला सेकंदाला ३०० वाचन-लेखनांची कायमची हमी असते. साठवलेल्या उधारीवर ती ३,००० पर्यंत जाते, पण ती उधारी पूर्ण भरलेली असली तरी सतत वापरल्यास सुमारे तेहतीस मिनिटांत संपते. साडेपाचला सुरू झालेली कामे पहिला अर्धा तास जोरात धावतात. मेळ घालणाऱ्या स्क्रिप्टला या काळात चाळीस सेकंदांऐवजी तीन मिनिटे लागतात, तरी ती पाच मिनिटांच्या आत आटोपते. सहा वाजून तीन मिनिटांनी डिस्कचा वेग एकदम दहाव्या हिश्शावर येतो. ६:०५ ला सुरू झालेली फेरी ६:१० ला संपलेली नसते आणि दुसरी प्रत सुरू होते. ६:१५ ला तिसरी, ६:२० ला चौथी.

प्रत्येक प्रतीबरोबर १५० एमबी जातात. आधी ते फायलींच्या साठ्यातून काढले जातात. साठा आटला की जे आतापर्यंत मेमरीतून मिळत होते तेही डिस्कवरून आणावे लागते, आणि डिस्क तर आधीच घुसमटलेली असते. सातव्या प्रतीच्या सुमारास, म्हणजे ६:३५ ला, साठा जवळपास संपतो आणि कर्नल कमी वापरातली पाने स्वॅपमध्ये लिहू लागतो. ते लिहिणेही त्याच डिस्कवर. इथून पुढे एकही प्रत पुढे सरकत नाही, सगळ्या डिस्कची वाट पाहत उभ्या राहतात. लोड ॲव्हरेज वीस-पंचवीसवर जातो, पण प्रोसेसर मात्र मोकळा दिसतो. लिनक्स डिस्कसाठी थांबलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजतो, म्हणून हे घडते. लोड जास्त आणि प्रोसेसर रिकामा ही जोडी दिसली की रोग कुठे आहे हे ओळखावे.

सात वाजता बारावी प्रत सुरू होते. बारा प्रतींचे १,८०० आणि आधीचे ३,००० मिळून ४,८०० एमबी. मेमरी आणि स्वॅप दोन्ही धरून मर्यादा ५,००० ची. तेवढ्यात सकाळची गिऱ्हाइके येऊ लागतात. पाने उघडायला वेळ लागत असल्यामुळे लोक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, वेब सर्व्हर जास्त पीएचपी प्रोसेस उघडतो आणि उरलेले २०० एमबी संपतात.

आता कर्नलला कोणाला तरी मारावे लागते. या यंत्रणेला ओओएम किलर म्हणतात. ती दोषी कोण हे शोधत नाही. प्रत्येक प्रोसेसने मेमरीत आणि स्वॅपमध्ये मिळून किती जागा घेतली आहे हे पाहते आणि सगळ्यात मोठीला मारते, कारण तिला मारून सगळ्यात जास्त जागा सुटते. बारा प्रती मिळून १,८०० एमबी घेत असल्या तरी त्या हिशेबात बारा वेगवेगळ्या प्रोसेस आहेत, प्रत्येकी १५० च्या. सगळ्यात मोठा एकटा डेटाबेस, १,५०० चा. म्हणून मरतो डेटाबेस.

डेटाबेस गेल्याबरोबर बाराही स्क्रिप्टचे कनेक्शन तुटते आणि त्या चूक नोंदवून बंद होतात. अहवाल आणि डेटाबेसचा बॅकअपही बंद पडतात. क्षणात सगळी मेमरी मोकळी होते. systemd डेटाबेस पुन्हा सुरू करतो, तो आपली दुरुस्ती करून उभा राहतो आणि सव्वासातला साइट पूर्ववत चालू होते. साडेनऊला कोणी लॉगिन करून पाहिले तर मेमरी भरपूर, लोड नगण्य, प्रोसेसची यादी स्वच्छ. डेटाबेस अधूनमधून आपोआप पडतो अशी नोंद होते आणि त्याच्याच मेमरीच्या सेटिंगमध्ये काटछाट केली जाते. ती केल्याने दुसऱ्या दिवशी डेटाबेसला डिस्कवरून आणखी वाचावे लागते आणि चक्र थोडे लवकर सुरू होते. या प्रश्नात होणारी ही सगळ्यात महागडी चूक.

पुरावा कुठे सापडतो

घटना उलटून गेल्यावरही कर्नलच्या लॉगमध्ये तिचे बऱ्यापैकी पूर्ण चित्र असते. `journalctl -k` या आदेशाने तो लॉग दिसतो. वरच्या उदाहरणात सकाळी सातच्या घटनेची नोंद यूटीसी दीड वाजताची असेल आणि तिची शेवटची ओळ साधारण अशी:

```
Out of memory: Killed process 812 (mysqld) total-vm:2391044kB, anon-rss:1187320kB, ...
```

बहुतेक जण ही ओळ वाचून थांबतात. ही ओळ कोण मेला तेवढे सांगते. कोणामुळे मेला हे तिच्या वर छापलेल्या तक्त्यात असते. मारण्याआधी कर्नल त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी लॉगमध्ये उतरवतो. तिच्यातला `rss` हा रकाना मेमरीतली पाने दाखवतो आणि `swapents` स्वॅपमधली. सर्वसाधारण सर्व्हरवर एक पान ४ केबीचे असते, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून चारने गुणले की केबी मिळतात. वरच्या प्रसंगात या तक्त्यात `php` नावाच्या बारा ओळी सापडतील, प्रत्येकीची बेरीज ३८,४०० पानांच्या आसपास, म्हणजे १५० एमबी. एकाच नावाच्या, जवळपास सारख्या आकाराच्या ओळी ओळीने दिसणे ही प्रती साचल्याची खूण आहे. एखादी स्क्रिप्ट मेमरी गळत असती तर एकच ओळ अवाढव्य दिसली असती.

मग त्या वेळी कोणती कामे सुटली हे क्रॉनच्या लॉगमधून पाहावे. डेबियनवर तो लॉग मुळात फक्त सुरुवात नोंदवतो, शेवट नोंदवत नाही. त्यामुळे दर पाच मिनिटांची ओळ व्यवस्थित उमटलेली दिसते आणि काम नीट चालू असल्याचा भास होतो. क्रॉन `-L 3` या पर्यायासह सुरू केला तर सुरुवात आणि शेवट दोन्ही नोंदले जातात. हा बदल लहान आहे, पण कोणत्या फेरीला किती वेळ लागला हे नंतर शोधता यावे यासाठी तो आधीच करून ठेवायला हवा.

घटना चालू असतानाच सर्व्हरवर पोहोचता आले तर एकच आदेश पुरतो:

```
ps -eo pid,etime,rss,stat,args --sort=start_time | grep '[s]tock_sync'
```

यात `etime` म्हणजे सुरू होऊन किती वेळ झाला. ओळींमध्ये पाच-पाच मिनिटांचे अंतर दिसले, ५५:०२, ५०:०२, ४५:०१ असे, की शंका उरत नाही. `stat` च्या रकान्यात `D` असेल तर ती प्रोसेस डिस्कची वाट पाहत आहे. मेमरी पाहताना `free` आदेशातला `free` हा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. फायलींच्या साठ्यामुळे तो नेहमीच कमी असतो. `available` हा आकडा खरा, आणि तो पाच मिनिटांच्या पायऱ्यांनी उतरत असेल तर ती पायरी कोणत्या कामाची हे वेगळे सांगावे लागत नाही. सर्व्हरवर sysstat बसवलेले असेल तर `sar -r` आणि `sar -q` हे आदेश मेमरी आणि लोड यांचे त्या दिवसाचे दर दहा मिनिटांचे आकडे दाखवतात.

कुलूप

पहिला इलाज म्हणजे एका कामाची एकच प्रत चालू देणे. लिनक्सवर त्यासाठी `flock` हा छोटा आदेश जवळपास सगळीकडे आधीपासून असतो:

```
*/5 * * * * flock -n /run/lock/stock_sync.lock /usr/bin/php /srv/app/stock_sync.php
```

flock त्या फायलीवर कुलूप लावतो आणि मगच स्क्रिप्ट सुरू करतो. कुलूप आधीच लागलेले असेल तर `-n` मुळे तो न थांबता परत फिरतो. पाच मिनिटांनी क्रॉन पुन्हा प्रयत्न करणारच असतो. वरच्या उदाहरणात एवढी एक ओळ असती तर ६:०५ ची फेरी भले पंचवीस मिनिटे रेंगाळली असती, पण मेमरी ३,१५० एमबीच्या वर गेली नसती, साठा टिकला असता, आणि बॅकअप उशिरा का होईना पूर्ण झाला असता.

`-n` विसरणे ही नेहमीची चूक आहे. तो नसेल तर प्रत्येक नवी फेरी कुलूप उघडण्याची वाट पाहत बसते. वाट पाहणारी प्रोसेस लहान असते, त्यामुळे मेमरी लगेच भरत नाही. पण कुलूप सुटल्यावर तुंबलेल्या सगळ्या फेऱ्या एकामागोमाग धावतात आणि आता अर्थ नसलेले काम पुन्हा पुन्हा करत राहतात.

अनेक जुन्या स्क्रिप्ट कुलपाऐवजी स्वतःचा प्रोसेस क्रमांक एका फायलीत लिहून ठेवतात आणि सुरुवातीला ती फाइल आहे का ते पाहतात. ही पद्धत दोन्ही बाजूंनी दगा देते. स्क्रिप्ट मध्येच मारली गेली तर फाइल मागे राहते आणि पुढची एकही फेरी चालत नाही. शिवाय फाइल पाहणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणात दोन प्रती आत शिरू शकतात. flock चे कुलूप कर्नलकडे असते. प्रोसेस कशीही मेली, अगदी ओओएम किलरने मारली, तरी ते सुटते. मात्र स्क्रिप्टने मागे चालू राहणारी दुसरी एखादी प्रोसेस सोडली असेल तर ते कुलूप तिच्याकडेही वारशाने जाते आणि स्क्रिप्ट संपल्यावरही लागलेलेच राहते. असा प्रकार असल्यास `flock -o` वापरून कुलूप आतल्या आदेशाकडे जाऊ देऊ नये.

कुलपाची खरी मर्यादा वेगळी आहे. आतली स्क्रिप्ट अडकून पडली, उदाहरणार्थ बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत राहिली, तर कुलूप कधीच सुटत नाही. प्रती साचत नाहीत, पण कामही होत नाही, आणि क्रॉन याबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून कुलपाच्या आत वेळेची मर्यादा हवी:

```
*/5 * * * * flock -n /run/lock/stock_sync.lock timeout -k 30 20m /usr/bin/php /srv/app/stock_sync.php
```

वीस मिनिटांनी timeout स्क्रिप्टला थांबण्याचा संकेत देतो आणि ती तीस सेकंदांत थांबली नाही तर तिला सक्तीने मारतो. ही मर्यादा नेहमीच्या वेळेच्या अनेक पट ठेवावी. डिस्क मंद असताना कामाला वेळ लागणे साहजिक आहे, आणि मर्यादा तोकडी असली तर नेमक्या अशाच पहाटे काम दर वेळी अर्ध्यावर तुटते व पहिल्यापासून सुरू होते. मध्येच मारले जाण्याची शक्यता धरून स्क्रिप्टही तशी लिहायला हवी: पन्नास-शंभर नोंदींच्या तुकड्यांत काम करावे, प्रत्येक तुकडा पक्का करावा आणि पुढच्या फेरीने तिथून पुढे जावे. डिस्कवर अडकलेली `D` अवस्थेतली प्रोसेस मात्र सक्तीच्या संकेतालाही लगेच दाद देत नाही. डिस्क सुटेपर्यंत तीही राहते आणि तिचे कुलूपही.

मेमरीची सीमा आणि मरण्याचा क्रम

कुलपामुळे प्रतींची संख्या आटोक्यात येते. एका प्रतीने किती मेमरी खावी हे त्याने ठरत नाही. डेबियनवर कमांडलाइनवरून चालणाऱ्या पीएचपीला मेमरीची कोणतीच मर्यादा घातलेली नसते. वेबवरून चालणाऱ्याला असते, आणि म्हणून तीच मर्यादा क्रॉनजॉबलाही लागू आहे असे अनेकांना वाटते. अहवालाची स्क्रिप्ट आज ६०० एमबी घेते ती विक्री दुप्पट झाल्यावर १,२०० घेईल, आणि तेव्हा मेमरी संपायला कमी प्रती पुरतील. `php -d memory_limit=800M` असे लिहिले तर निदान ती स्वतःच्या चुकीने स्वतः बंद पडते. खरी दुरुस्ती म्हणजे सगळ्या नोंदी एकदम न उचलता ओळीओळीने वाचणे.

ज्या सर्व्हरवर systemd आहे तिथे हे सगळे एका जागी लिहिता येते. क्रॉनऐवजी टायमर वापरला तर त्याने सुरू केलेली सेवा आधीच चालू असताना दुसरी प्रत सुरूच होत नाही, म्हणजे कुलूप मुळातच मिळते. सेवेच्या फायलीत मर्यादा अशा घालतात:

```
[Service]
Type=oneshot
ExecStart=/usr/bin/php /srv/app/stock_sync.php
TimeoutStartSec=20min
MemoryMax=400M
OOMScoreAdjust=500
```

इथे एक खाचखळगा आहे. वेळेच्या मर्यादेसाठी `RuntimeMaxSec` हे नाव समोर येते, पण `oneshot` प्रकारच्या सेवेला ते लागू पडत नाही. तिथे `TimeoutStartSec` च लागते, आणि तिची मुळातली किंमत ‘कितीही वेळ’ अशी आहे. ती न लिहिल्यास अडकलेली सेवा पुढच्या सगळ्या फेऱ्या अडवून बसते.

शेवटच्या ओळीने मरण्याचा क्रम बदलतो. मेमरी संपली तरी डेटाबेसऐवजी स्क्रिप्ट मरावी यासाठी तिच्या गुणांकात ५०० मिळवले आहेत. एक हजार म्हणजे मेमरी आणि स्वॅप मिळून सगळी जागा, तेव्हा ५०० म्हणजे तिच्या निम्मी. उदाहरणातल्या सर्व्हरवर २,५०० एमबी. दीडशे एमबीची स्क्रिप्ट कर्नलला २,६५० एमबीची भासते आणि १,५०० च्या डेटाबेसच्या आधी तिचा नंबर लागतो. डेटाबेसला संरक्षण देण्यासाठी त्याचा गुणांक उणे करण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण गळती खुद्द डेटाबेसमध्ये असली तर त्याला मारण्याची वाट बंद होत नाही. प्राधान्य कमी करणारे `nice` आणि `ionice` मात्र इथे फारसे कामाचे नाहीत. ते प्रोसेसर आणि डिस्क यांच्या रांगेतला क्रम बदलतात, मेमरी सोडवत नाहीत. उलट मेळ घालणाऱ्या स्क्रिप्टवरच ते लावले तर ती आणखी रेंगाळते आणि कुलूप नसेल तर प्रती अधिक साचतात.

वेळा पसरवणे आणि मेमरी वाढवणे

कामे वेगवेगळ्या वेळी ठेवावीत हा सल्ला सर्वांत आधी दिला जातो, आणि तो चुकीचा नाही. पण डेटाबेसचा बॅकअप साडेपाचला, फोटो सहाला, अहवाल साडेसहाला अशी मांडणी आजच्या आकारावर बेतलेली असते. वीस मिनिटांचा बॅकअप वर्षाने पन्नास मिनिटे घेऊ लागतो आणि वेळापत्रकाला हात न लागताच कामे पुन्हा एकमेकांवर येतात. त्यापेक्षा तिन्ही कामे एकाच स्क्रिप्टमध्ये ओळीने लिहावीत, म्हणजे एक संपल्यावरच दुसरे सुरू होते, मग त्याला कितीही वेळ लागो. `/etc/cron.daily` या फोल्डरातल्या स्क्रिप्ट अशाच एकापाठोपाठ एक चालतात. दर पाच मिनिटांचे काम मात्र अशा पसरवण्यातून सुटत नाही. ते कोणत्याही वेळी कोणावर तरी पडणारच, त्याला कुलूपच हवे.

मेमरी वाढवणे हा सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग. उदाहरणातला सर्व्हर ८,००० एमबीचा केला, तर मर्यादा ९,००० होते, ३,००० आधीच गेलेले, उरलेल्या ६,००० मध्ये चाळीस प्रती मावतात. ६:०५ पासून दर पाच मिनिटांनी एक धरली तर चाळिसावी ९:२० ला सुरू होते. म्हणजे जो सर्व्हर सात वाजता पडत होता तो नऊनंतर, ऐन कामाच्या वेळी पडेल. काही वेळा मोठ्या मेमरीत सगळा डेटाबेस मावतो, डिस्कवर जाण्याची गरजच कमी होते आणि त्रास खरोखर थांबतो, पण डेटा त्या आकारापर्यंत वाढेपर्यंतच. स्वॅप वाढवण्याने तेवढेही साधत नाही, कारण स्वॅप त्याच घुसमटलेल्या डिस्कवर असतो.

कुलूप लावल्यानंतर लक्ष कशावर ठेवावे हेही बदलते. आता प्रती साचत नाहीत, फेऱ्या गळतात, आणि गळलेली फेरी कुठेच आवाज करत नाही. flock मुळात परत फिरताना १ हा कोड देतो, जो स्क्रिप्टच्या स्वतःच्या चुकीपासून ओळखता येत नाही. `-E 75` असे लिहून वेगळा कोड दिला की गळालेल्या फेऱ्या मोजता येतात. त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे काम यशस्वी झाल्यावर शेवटच्या ओळीत एका फायलीची वेळ `touch` ने ताजी करणे आणि ती फाइल अर्ध्या तासाहून जुनी झाली की इशारा देणे. काम सुरू झाले की नाही यापेक्षा शेवटचे कधी पूर्ण झाले हा प्रश्न विचारला की अडकलेले, मारलेले आणि कधी सुरूच न झालेले, तिन्ही प्रकार त्यात पकडले जातात.

हे सगळे एका सर्व्हरपुरते. तेच क्रॉनजॉब दोन सर्व्हरवर चालत असतील तर एकावरचे flock दुसऱ्याला दिसत नाही. तिथे कुलूप दोघांच्या सामायिक जागी, बहुधा डेटाबेसमध्ये ठेवावे लागते. मायएसक्यूएलचे `GET_LOCK()` कनेक्शन तुटले की आपोआप सुटते, त्यामुळे मेलेल्या स्क्रिप्टचे कुलूप मागे उरत नाही. कुबरनेटिसमध्ये ठरावीक वेळी चालणाऱ्या कामासाठी `concurrencyPolicy` नावाची सोय आहे, आणि तिची मुळातली किंमत `Allow` म्हणजे प्रती चालू द्याव्यात अशीच आहे. जुन्या क्रॉनजॉबचे वेळापत्रक तिथे उचलून नेताना `Forbid` हा शब्द हाताने लिहावा लागतो.